सहाशे साठ युरो कुठे गेले?

निर्यातदाराच्या दप्तरात प्रत्येक मालाचे दोन कागद शेवटी समोरासमोर येतात. एक त्याने स्वतः काढलेला, म्हणजे एक्स्पोर्ट इन्व्हॉइस. दुसरा बँकेने दिलेला, परदेशातून रक्कम आल्याचा दाखला. त्याला सगळे अजूनही एफआयआरसी म्हणतात, जरी व्यापाराच्या पैशासाठी आज बँका बहुतेक वेळा ‘ॲडव्हाइस’ देतात आणि जुन्या अर्थाचे सर्टिफिकेट परकीय गुंतवणुकीपुरते उरले आहे. दोन्ही कागदांवरचा आकडा सारखा असला की ‘पैसे वसूल’ असा शेरा मारून फाइल बंद होते. आकड्यात थोडा फरक असला तर तो ‘बँक चार्जेस’ या खात्यात टाकून फाइल बंद होते. या दोन्ही सवयी चुकीच्या आहेत आणि दुसरी जास्त चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. दाखला एवढेच सांगतो की अमुक दिवशी, अमुक नावाच्या पक्षाकडून, अमुक चलनात इतकी रक्कम आली. ती कोणत्या मालाची, पूर्ण की अर्धी, कमी असेल तर का कमी, यातले काहीच तो सांगत नाही. त्यावरचा पर्पज कोड फार तर रक्कम निर्यातीच्या आगाऊची आहे (P0103) की वसुलीसाठी पाठवलेल्या बिलाची (P0102) एवढा प्रकार सांगतो. मालाशी पैशाचे नाते निर्यातदारालाच जोडावे लागते. त्या कामाचा गाभा जुळलेल्या आकड्यात नसतो. न जुळलेल्या रकमेतला प्रत्येक युरो त्याच्या खऱ्या नावाने ओळखता आला, तरच वसुली नीट झाली असे म्हणता येते.

सरकारच्या बाजूने ही जोडणी कशी दिसते, ते आधी पाहू. माल निघताना कस्टम्सकडे शिपिंग बिल दाखल होते. बंदराचा कोड (न्हावाशेवा असेल तर INNSA1), बिलाचा क्रमांक आणि तारीख या तिन्हींनी त्याची ओळख ठरते. त्याची नोंद कस्टम्सकडून रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत जाते. ही प्रणाली मार्च २०१४ पासून चालू आहे. इकडे परदेशातून पैसे आले की बँक त्याच प्रणालीत त्यांची वेगळी नोंद करते, तिला आयआरएम म्हणतात. म्हणजे एका बाजूला ‘माल गेला, पैसे यायचे आहेत’ अशा उघड्या नोंदी आणि दुसऱ्या बाजूला ‘पैसे आले, कशाचे ते ठरायचे आहे’ अशा उघड्या नोंदी. दोन्ही एकमेकांना लागल्या की बिल मिटते. हे ठरलेल्या मुदतीत व्हावे लागते. ती मुदत बरीच वर्षे नऊ महिन्यांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पंधरा महिन्यांवर नेली.

आता एक उदाहरण घेऊ. व्यवहार कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट रोजच्या धंद्यातली आहे. सोलापूरचा एक टॉवेल उत्पादक हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला १६,००० टेरी टॉवेल प्रत्येकी १.८० युरोने विकतो. इन्व्हॉइस क्रमांक ११७, रक्कम २८,८०० युरो, अट सीएफआर हॅम्बुर्ग, म्हणजे जहाजाचे भाडे विक्रेत्याने भरायचे आणि ते किमतीतच धरलेले. हे भाडे २,१०० युरो आहे, म्हणून शिपिंग बिलावर एफओबी किंमत २६,७०० आणि भाडे २,१०० असे वेगवेगळे दिसते. माल निघण्याआधी ८,००० युरो आगाऊ आले. बाकी २०,८०० माल पोचल्यावर यायचे होते. प्रत्यक्षात दुसऱ्या दाखल्यावर २०,१४० युरो आहेत. दोन्ही मिळून २८,१४०. इन्व्हॉइसपेक्षा ६६० युरो कमी.

पहिली अडचण अशी की हे ६६० युरो अनेकदा दिसतच नाहीत, कारण ताळा रुपयांत घेतला जातो. समजा, शिपिंग बिलाच्या दिवशी कस्टम्सचा दर युरोला ९७ रुपये होता, म्हणून वहीत विक्री २७,९३,६०० रुपये धरली. आगाऊ रक्कम ९६ च्या दराने ७,६८,००० रुपये झाली. दुसरी रक्कम आली तेव्हा युरो १०१ वर गेलेला होता, म्हणून तिचे २०,३४,१४० रुपये झाले. एकूण जमा २८,०२,१४० रुपये. वही सांगते की ग्राहकाकडून येणे होते त्यापेक्षा ८,५४० रुपये जास्तच आले! हिशेबनीस हे जास्तीचे रुपये विनिमय दरातला नफा म्हणून टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. खरे पाहता दरामुळे झालेला फायदा ७२,५६० रुपयांचा आहे आणि न आलेल्या ६६० युरोंमुळे झालेली घट ६४,०२० रुपयांची. एकीने दुसरी झाकली, एवढेच झाले. म्हणून पहिला नियम असा की जुळणी इन्व्हॉइसच्या चलनातच करायची. दाखल्यावरची रुपयांतली रक्कम हिशेबाच्या वहीसाठी असते, वसुली ठरवण्यासाठी तिचा उपयोग नाही. रुपया घसरत असेल त्या काळात हा नियम मोडणाऱ्याला कमी आलेला पैसा कधीच दिसत नाही, आणि रुपया वधारत असेल तर पूर्ण आलेला पैसाही कमी भासतो.

दुसरी अडचण शिपिंग बिलावर कोणता आकडा पाहायचा याची. ड्रॉबॅक एफओबी किमतीवर मोजला जात असल्याने तोच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण आलेले २८,१४० युरो एफओबीच्या २६,७०० शी ताडून पाहिले तर १,४४० युरो जास्त आल्यासारखे वाटते. त्यात जास्तीचे काही नाही. त्या रकमेत जहाजाचे भाडे आहे, एवढेच. ताडायचे ते इन्व्हॉइसच्या पूर्ण रकमेशी, आणि मग आलेल्या पैशाचे दोन भाग पाडायचे: भाड्याचे २,१०० आणि मालाचे २६,०४०. मालाची शिपिंग बिलावरची किंमत २६,७०० होती. कमतरता ६६० चीच निघते, आणि आता ती कुठे बसते तेही कळते. ती सगळी मालाच्या किमतीत आहे, भाड्यात नाही.

हे ६६० युरो कशाने कमी झाले, याचे उत्तर दाखल्यात नसते. ते पैशाबरोबर आलेल्या स्विफ्ट संदेशात असते, आणि त्याची प्रत बँकेकडे मागितली की मिळते. आपल्या उदाहरणातल्या संदेशाच्या कामाच्या ओळी अशा असतील:

```
:32A:250814EUR20140,
:33B:EUR20180,
:70:INV 117 LESS CLAIM
:71A:SHA
:71F:EUR25,
:71F:EUR15,
```

हा एमटी १०३ नावाच्या जुन्या साच्याचा संदेश आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँका नव्या साच्याचे संदेश वापरतात, पण त्यातही ही माहिती वेगळ्या नावांनी असतेच. 33B म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेला किती पाठवायला सांगितले: २०,१८०. 32A म्हणजे बँकांमध्ये प्रत्यक्ष किती रक्कम चुकती झाली: २०,१४०, तारीख १४ ऑगस्ट २०२५. मधल्या बँकांनी वाटेत कापलेले २५ आणि १५ युरो 71F च्या दोन ओळींत दिसतात. SHA चा अर्थ असा की शुल्क दोघांनी वाटून घ्यायचे, पाठवणाऱ्याने त्याच्या बँकेचे आणि घेणाऱ्याने पुढच्यांचे. म्हणजे बँकांनी घेतलेले पैसे ४० युरो आहेत, एका पैशाने जास्त नाहीत. उरलेले ६२० ग्राहकाने पाठवलेच नाहीत. 70 या ओळीत त्याने कारणही लिहिले आहे: इन्व्हॉइस ११७, क्लेम वजा. आता निर्यातदाराने आपल्या ई-मेलमध्ये शोधले तर ग्राहकाचे पत्र सापडते की १,२४० टॉवेलांच्या रंगात फरक होता, प्रत्येकी अर्धा युरो वजा करत आहोत. १,२४० गुणिले अर्धा युरो म्हणजे बरोबर ६२०. येथे हिशेब लागला. कमी आलेल्या पैशाला दोन नावे मिळाली, आणि दोन्हींना कागदाचा आधार मिळाला.

ही दोन नावे वेगळी ठेवण्यात अर्थ काय, असा प्रश्न रास्त आहे. पैसे गेले ते गेलेच. पण कायदा त्यांच्याकडे एका नजरेने पाहत नाही. परदेशी बँकांनी कापलेल्या शुल्काबद्दल सीमाशुल्क मंडळाने २०१९ च्या परिपत्रकात सवलत दिली: एजंटचे कमिशन आणि परदेशी बँकांचे शुल्क मिळून एफओबी किमतीच्या साडेबारा टक्क्यांच्या आत असेल, तर तेवढी रक्कम कमी आली म्हणून ड्रॉबॅक परत मागितला जात नाही. आपले ४० युरो या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत. ६२० युरोंचे तसे नाही. ते शुल्क नाही, किमतीतली घट आहे. बँकेला पंचवीस टक्क्यांपर्यंतची अशी घट मंजूर करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या निर्यातविषयक मास्टर डायरेक्शनने दिलेली आहे, पण त्याच जागी अट आहे की त्या प्रमाणात घेतलेले निर्यात लाभ परत करायचे. म्हणजे ६६० च्या ६६० युरो ‘बँक चार्जेस’मध्ये टाकणाऱ्याने आपण ६२० युरोंवर घेतलेला लाभ धरून ठेवला आणि त्यासाठी खोटे कारण दिले, असा अर्थ निघतो. त्याचा हेतू वाईट नसेलही. कंटाळा आला, खाते सोपे होते, एवढेच कारण असेल. तपासणीत मात्र स्विफ्टच्या प्रतीवर २५ आणि १५ हे आकडे छापलेले असतात, आणि ‘बँकेने ६६० कापले’ हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हे सगळे बँकेचे काम आहे, ईडीपीएमएसमध्ये बिल मिटले म्हणजे वसुली सिद्ध झाली. काही वर्षांपूर्वी या म्हणण्यात थोडा दम होता, कारण वसुलीचा दाखला म्हणजे ई-बीआरसी बँकच तयार करून डीजीएफटीकडे पाठवत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीएफटीने रीत बदलली. आता बँक आलेल्या पैशाची नोंद पाठवते आणि निर्यातदार स्वतः ती शिपिंग बिलाशी जोडून ई-बीआरसी प्रमाणित करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यापुढे जाऊन दहा लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी निर्यातदाराच्या लेखी घोषणेवर मिटवायला, आणि घोषित किमतीतली घटही त्याच्याच शब्दावर मानायला परवानगी दिली. छोट्या व्यापाऱ्याला यामुळे मोठा दिलासा मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण त्याचबरोबर जुळणीची जबाबदारी बँकेच्या टेबलावरून निर्यातदाराच्या टेबलावर आली. बिल मिटले याचा अर्थ आता इतकाच की निर्यातदाराने ‘मिटले’ असे सांगितले. त्यापलीकडची गोष्ट अशी की बँकेने मन लावून पाहिले तरी तिच्यासमोर पैशाचा संदेश असतो, रंगातल्या फरकाचे पत्र नसते. ते पत्र ज्याच्याकडे आले, तोच ६२० आणि ४० वेगळे करू शकतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो अर्धा मान्य आहे. वर्षाला शे-दोनशे इन्व्हॉइस काढणाऱ्याने प्रत्येक वीस-पंचवीस युरोंसाठी स्विफ्टची प्रत मागत बसायचे का? नाही. एकाच देशातून, एकाच बँकेमार्फत येणाऱ्या पैशांतून कापले जाणारे शुल्क बहुधा ठरावीक असते. दोन-चार संदेश पाहिले की ते कळते. त्या नेहमीच्या पट्ट्यात बसणारा फरक शुल्क म्हणून धरायला हरकत नाही. शोध घ्यायचा तो पट्ट्याबाहेरच्या फरकाचा. एक खूण विशेष उपयोगी आहे: शुल्क रकमेच्या प्रमाणात वाढत नाही, ते ठोक असते. दहा हजारांवर चाळीस कापले गेले आणि तीस हजारांवर एकशेवीस, तर ते बँकेने कापलेले नसून ग्राहकाने टक्क्याने वजा केलेले असण्याची शक्यता मोठी आहे, मग त्याला तो सवलत म्हणो की वटणावळ. आणि आलेली रक्कम अगदी गोल असेल, तर शुल्क पाठवणाऱ्याने भरले आहे (71A मध्ये OUR असते) किंवा ही रक्कम एकाहून अधिक इन्व्हॉइसपोटी मोघम पाठवलेली आहे. दोन्ही गोष्टी संदेशात पाहून एका मिनिटात ठरतात.

रकमेइतकीच महत्त्वाची आणि तिच्याहून कमी तपासली जाणारी गोष्ट म्हणजे ओळख. रक्कम पैशापर्यंत जुळली आणि पैसे दुसऱ्याच मालाचे असले, तर जुळणी खोटी ठरते. समजा, त्याच खरेदीदाराचे इन्व्हॉइस ११८ सुद्धा २०,१४० युरोंचे आहे आणि त्याचे पैसे अजून आलेले नाहीत. केवळ आकडा पाहून आलेली रक्कम ११८ ला लावली, तर ते बिल पूर्ण वसूल दिसेल, ११७ मध्ये २०,८०० युरो थकलेले दिसतील आणि मुदत चुकीच्या बिलाची चालू राहील. म्हणून संदेशातला इन्व्हॉइस क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव आणि तारखांचा क्रम हे आकड्याआधी पाहायचे. पाठवणाऱ्याच्या नावात खरेदीदाराऐवजी त्याची दुसऱ्या देशातली भगिनी कंपनी दिसली, तर तो तिसऱ्या पक्षाने केलेला भरणा होतो. असा भरणा चालतो, पण तो का झाला याचे कारण आणि त्याला आधार देणारे कागद बँकेपुढे ठेवावे लागतात. ते माल पाठवण्याआधी जमवणे सोपे असते, नंतर अवघड.

आगाऊ रकमेच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न आणखी नाजूक होतो. आपल्या उदाहरणातले ८,००० युरो समजा सोलापुरातल्या एका बँकेत आले आणि मालाचे कागद मुंबईतल्या दुसऱ्या बँकेमार्फत गेले. मुंबईच्या बँकेला प्रणालीत २८,८०० चे शिपिंग बिल दिसते आणि पैसे मात्र २०,१४० चेच. ते ८,००० दुसरीकडे पडून आहेत, हे कोणी सांगितल्याशिवाय तिला कळत नाही. अशा वेळी पहिल्या बँकेने आपली आयआरएम नोंद दुसऱ्या बँकेकडे वळवायची असते, आणि इलेक्ट्रॉनिक एफआयआरसीचे खरे काम आज इथेच उरले आहे. कागदी दाखल्याच्या काळात हेच काम दाखल्याच्या पाठीवर ‘इतकी रक्कम अमुक बिलाला वापरली’ असा शेरा मारून होत असे. शेरा राहिला तर तोच दाखला पुन्हा दुसऱ्या बिलाला जोडता येत असे. आता प्रत्येक आयआरएममध्ये किती रक्कम वापरली आणि किती शिल्लक, हे दिसते. त्यामुळे जुळणी दोन्ही दिशांनी करायची असते. प्रत्येक शिपिंग बिलाला पुरेसे पैसे लागले का हे पाहायचे, आणि आलेल्या प्रत्येक पैशाला माल लागला का हेही. दुसरी दिशा लोक विसरतात. मग कुठल्यातरी जुन्या आगाऊ रकमेची हजार-बाराशे युरोंची शिल्लक वर्षानुवर्षे उघडी राहते, आणि बँक विचारते की हे पैसे घेतले, माल कुठे आहे?

या पद्धतीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. इन्व्हॉइसची किंमतच मुद्दाम फुगवलेली किंवा कमी लावलेली असेल आणि पैसे तेवढेच आले असतील, तर वर सांगितलेली सगळी जुळणी निर्दोष निघेल. खरी किंमत काय होती, हे पैशाच्या कागदांवरून ठरत नाही. तो मूल्यांकनाचा प्रश्न आहे आणि तो कस्टम्सच्या तपासणीत सुटतो. तसेच क्लेमचे पत्र खरे आहे की किंमत कमी दाखवण्यासाठी दोघांनी मिळून लिहिले आहे, हेही जुळणी सांगू शकत नाही. पत्राची तारीख मात्र बरेच सांगून जाते. माल हॅम्बुर्गला पोचल्यानंतर आणि पैसे निघण्याआधीचे पत्र असेल, त्याबरोबर टॉवेलांचे फोटो आणि मोजणी असेल, तर ६२० युरोंची घट खरी मानायला आधार मिळतो. पैसे कमी आल्यावर, बँकेने विचारल्यावर मागाहून आणलेले पत्र त्याच तोलाचे नसते. म्हणून संदेशाची प्रत रक्कम जमा होईल त्याच आठवड्यात मागून घ्यावी, आणि 33B चा आकडा इन्व्हॉइसच्या बाकीपेक्षा कमी दिसला की ग्राहकाला त्याच दिवशी कारण लेखी विचारावे.